‘नंबर वन’ लिहिण्याआधी आपली वही पाहा

लग्नसराई जवळ आली की नगरच्या कापड बाजारात पाट्या बदलतात. ‘जिल्ह्यात नंबर वन’, ‘सर्वात स्वस्त’, ‘सर्वोत्कृष्ट माल’, ‘सर्वात जलद शिलाई’ ही चार वाक्ये थोड्याफार फरकाने प्रत्येक गल्लीत दिसतात. पेंटरही विचारत नाही आणि मालकही विचार करीत नाही. पण या चार वाक्यांचे वजन कायद्याच्या तराजूत सारखे नाही. कोणते चालते, कोणते अंगाशी येते आणि त्याऐवजी काय लिहावे, हे आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंपुढे आम्ही मांडू इच्छितो.

प्रथम जाहिरात कशाला म्हणतात ते पाहू. अनेकांची समजूत अशी की वर्तमानपत्रात छापली तीच जाहिरात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये मात्र सूचना, पत्रक, लेबल, वेष्टन आणि बिलसुद्धा जाहिरातीत धरले आहे. आवाजाने केलेला प्रचारही धरला आहे. म्हणजे रिक्षावरचा भोंगा, पिशवीवरचा छाप आणि बिलबुकाच्या माथ्यावरची ओळ, तिन्ही जाहिरातीच झाल्या.

आता मूळ फरक. ‘आमची साडी सुंदर’ हे मत झाले. ते कोणी मोजू शकत नाही, आणि गिऱ्हाईकही ते मत म्हणूनच घेतो. जाहिरातदारांनी स्वतःसाठी स्थापन केलेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या नियमांतही उघड अतिशयोक्तीला जागा आहे. अट एवढीच की ऐकणाऱ्याने ती शब्दशः खरी मानण्याचा संभव नसावा. ‘नंबर वन’, ‘सर्वात स्वस्त’, ‘सर्वात जलद’ यांचे तसे नाही. हे मोजता येतात. जे मोजता येते त्याचा पुरावा मागता येतो, आणि मागितल्यावर तो दाखवावा लागतो.

पुरावा दाव्याएवढाच रुंद हवा, हे एका मोठ्या कंपनीच्या उदाहरणावरून समजेल. सेन्सोडाइन टूथपेस्टची जाहिरात ‘जगातील नंबर वन’ आणि ‘जगभरातील दंतवैद्यांची शिफारस’ असे सांगत होती. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पुरावा मागितला. कंपनीने सर्वेक्षणे सादर केली, पण ती भारतातल्या दंतवैद्यांची होती. दावा जगाचा आणि पुरावा एका देशाचा. जाहिरात बंद करण्याचा आदेश झाला व दहा लाख रुपये दंड बसला. हीच गोष्ट आपल्याकडे लावून पाहा. ‘जिल्ह्यात नंबर वन’ म्हणताना संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, जामखेड सगळे त्यात आले. तिथल्या दुकानांची विक्री आपल्याला कोणी दाखवली?

दुसरे उदाहरण ‘जलद’चे. ‘पाच मिनिटांत ऑटो, नाहीतर ५० रुपये मिळवा’ अशी रॅपिडो कंपनीची जाहिरात होती. प्रत्यक्षात ‘५० रुपयांपर्यंत’ अशी अट होती. तेही रोख नव्हे तर कंपनीची नाणी, जी सात दिवसांत फक्त बाईकच्या फेरीसाठी वापरता येत. या अटी वाचता न येण्याइतक्या बारीक अक्षरात होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये याच प्राधिकरणाने दहा लाखांचा दंड केला आणि ज्या ग्राहकांना कबूल केलेले ५० रुपये मिळाले नव्हते त्यांना ते देण्यास सांगितले. म्हणून कोपऱ्यात ‘अटी लागू’ लिहिले की सुटलो, असे कोणी समजू नये. २०२२ च्या मार्गदर्शक नियमांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि दाव्यासारख्याच अक्षरात हवा, आणि त्याने मूळ दावा उलटवता कामा नये.

आता एका दुकानाचा हिशेब करून पाहू. समजा, एका शिलाई कारागिराला ‘शहरात सर्वात जलद शिलाई’ अशी पाटी लावायची आहे. शहरातल्या सगळ्या टेलरांची वेळ त्याला ठाऊक नाही, त्यामुळे ‘सर्वात’ हा शब्द इथेच गळतो. मग त्याने आपली ऑर्डरची वही उघडावी. गेल्या महिन्यात ८० जोड शिवले. ५२ तीन दिवसांत गेले, २१ चौथ्या-पाचव्या दिवशी गेले आणि ७ त्याहून उशिरा. ‘तीन दिवसांत शिलाई’ लिहिले तर २८ गिऱ्हाइकांशी खोटे बोलणे झाले. ‘पाच दिवसांत’ लिहिले तरी सात उरतात. ते सात कधीचे, हे तारखेवरून पाहावे. ते सगळे ईदच्या आधीच्या दहा दिवसांतले निघाले, तर पाटी अशी व्हावी: ‘माप दिल्यापासून पाच दिवसांत शिलाई. ईदपूर्वीचे दहा दिवस वगळून.’ दोन्ही वाक्ये एकाच आकारात. वही जपून ठेवावी, कारण तीच पुरावा आहे. उशिराबद्दल ५० रुपये सूट कबूल केली असेल तर ती रोख बिलातूनच वजा करावी.

‘सर्वात स्वस्त’चे दुखणे वेगळे. सकाळी खरे असलेले हे वाक्य दुपारी शेजाऱ्याने दहा रुपये उतरवले की खोटे होते. त्यापेक्षा भाव लिहावा: ‘सुती साडी ४५० रुपयांपासून’. मात्र त्या भावाच्या साड्या येणाऱ्या गिऱ्हाइकाला पुरतील एवढ्या हव्यात. दोन साड्या टांगून गर्दी खेचणे आणि आत हजाराचा माल दाखवणे, हे आमिष नियमांत बसत नाही. ‘नंबर वन’च्या जागी ‘कापड बाजारात १९८२ पासून’ असे, पहिला परवाना वा जुने बिल असेल तरच, लिहावे. ‘सर्वोत्कृष्ट’च्या जागी ‘निवडक माल’ किंवा ‘न वापरलेले कापड बिलासह सात दिवसांत बदलून मिळेल’ असे लिहावे. यातले शेवटचे वाक्य गिऱ्हाइकाला कोणत्याही बिरुदापेक्षा जास्त सांगते.

एक सीमा मात्र कधीही ओलांडू नये. उजाला नीळ आणि रॉबिन ब्लू यांचा वाद कलकत्ता उच्च न्यायालयात गेला होता. व्यापारी आपला माल उत्तम म्हणू शकतो, तुलनाही करू शकतो, पण दुसऱ्याचा माल वाईट आहे असे म्हणू शकत नाही, असे सूत्र त्या निकालातून पुढे आले. जाहिरातीत प्रतिस्पर्ध्याचे नाव नव्हते, फक्त तशी बाटली व किंमत दाखवली होती, तरी मनाई झाली. तेव्हा ‘समोरच्या गल्लीतला रंग पहिल्या धुण्यात जातो’ हे नाव न घेता म्हटले तरी नावच घेतल्यासारखे आहे. आणि स्वतःची स्तुती करण्याची ही मोकळीक दोन व्यापाऱ्यांमधल्या वादातली आहे. ग्राहकाची दिशाभूल झाली तर ग्राहक कायदा स्वतंत्रपणे लागू होतो.

तक्रार दिल्लीलाच जाते असेही नाही. २०१९ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकारी आपल्या जिल्ह्यातील फसव्या जाहिरातीची चौकशी करून प्राधिकरणाला अहवाल पाठवू शकतात. जाहिरात थांबवण्याचा किंवा बदलण्याचा आदेश साध्या व्यापाऱ्यालाही होऊ शकतो. दहा लाखांपर्यंतचा, आणि पुन्हा तेच केल्यास पन्नास लाखांपर्यंतचा दंड उत्पादकासाठी आणि जाहिरातीत शिफारस करणाऱ्यासाठी सांगितला आहे. इथे कापडवाल्यांनी कान टवकारावेत. दुसऱ्याने बनवलेल्या मालावर स्वतःचे लेबल लावणाराही या कायद्यात उत्पादक ठरतो. इचलकरंजी किंवा मालेगावहून थान आणून त्यावर आपल्या नावाची पट्टी शिवणारे आपल्यात कमी नाहीत.

म्हणून पेंटरला मजकूर देण्यापूर्वी प्रत्येक शब्दापुढे चार प्रश्न ठेवावेत: कशात, कुठे, कधीपासून आणि कोणी मोजले? चारही उत्तरे कागदावर असतील तर शब्द ठेवावा. एकही अडले तर तो शब्द काढून त्या जागी आपल्या वहीतला आकडा लिहावा.