पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीवरून इमारतीचे यथार्थ चित्र

नियोजित शाळागृहाचा नकाशा ग्रामसभेपुढे ठेवला, तरी रेघा वाचण्याची सवय नसलेल्यांना त्यावरून इमारतीची कल्पना येत नाही. पुठ्ठ्याची प्रतिकृती त्यांना समजते; परंतु ती इमारत गावच्या मोकळ्या जागेवर, तेथील चिंचेशेजारी कशी दिसेल, हे प्रतिकृतीवरून कळत नाही. त्यासाठी प्रतिकृतीचे छायाचित्र जागेच्या छायाचित्रात बसवावे लागते. असे चित्र पाहून ग्रामस्थ संमती देणार असल्याने ते सुंदर असण्यापेक्षा खरे असणे अगत्याचे आहे. हा खरेपणा मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असतो: कॅमेऱ्याची जागा आणि सूर्याची दिशा.

कॅमेऱ्याची जागा : उदाहरणादाखल १२ मीटर लांब आणि ३ मीटर उंच भिंतींची दोन वर्गांची इमारत घ्यावी. १:५० या प्रमाणात प्रतिकृती २४ सें.मी. लांब होते व तिची भिंत ६ सें.मी. उंच होते. माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर असतात. म्हणजे प्रतिकृतीच्या जगात ३ सें.मी.वर. पुष्कळदा प्रतिकृतीचे छायाचित्र वरून घेतले जाते व ती खेळण्यासारखी दिसते, याचे कारण हेच. मोबाईल उलटा धरल्यास त्याचे भिंग खाली येते व ३ सें.मी.ची उंची सहज साधते. इमारत २० मीटरवरून पाहावयाची असेल, तर भिंग प्रतिकृतीच्या जवळच्या कोपऱ्यापासून ४० सें.मी.वर ठेवावे. मोबाईल वर किंवा खाली कलू देऊ नये.

नंतर प्रत्यक्ष जागेवर इमारतीची आखणी फक्कीने करावी, जवळच्या कोपऱ्यावर ३ मीटरचा बांबू उभा करावा आणि २० मीटरवरून, दीड मीटर उंचीवरून, त्याच मोबाईलने व त्याच भिंगाने दुसरे छायाचित्र घ्यावे. ‘झूम’ दोन्ही वेळा वापरू नये. २० मीटरवरील ३ मीटरचा बांबू आणि ४० सें.मी.वरील ६ सें.मी.ची भिंत छायाचित्रात सारख्याच उंचीची उमटते. म्हणून एक चित्र दुसऱ्यावर ठेवले की भिंतीचा कोपरा बांबूवर तंतोतंत बसला पाहिजे. तो बसविण्यासाठी चित्र लहानमोठे करावे लागले, तर एखादे अंतर चुकले आहे असे समजावे.

सूर्याची दिशा : प्रतिकृती दिव्याच्या प्रकाशात ठेवू नये. जवळच्या दिव्याचे किरण फाकतात व सावल्याही फाकतात. सूर्याचे किरण मात्र लहानमोठ्या दोन्ही वस्तूंवर समांतर पडतात. प्रतिकृती पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठेवून जागेवरच न्यावी, फक्कीच्या आखणीप्रमाणे तिची दिशा लावावी आणि दोन्ही छायाचित्रे लागोपाठ घ्यावीत. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. अर्ध्या तासाचा फरकही झाडाच्या आणि इमारतीच्या सावल्यांची तुलना करताच उघड होतो.

जोडकाम : ही जोडणी संगणकावर GIMP या विनामूल्य साधनाने करता येते. जागेचे चित्र खालच्या थरात व कापून घेतलेली प्रतिकृती वरच्या थरात ठेवावी. सावली पडलेला पांढरा भाग वेगळ्या थरात घेऊन त्यास Multiply ही रीत लावावी. म्हणजे पांढरा रंग नाहीसा होऊन केवळ सावली खऱ्या मातीवर उतरते. भिंतीवर गिलाव्याचे किंवा विटांचे छायाचित्र चढवितानाही हीच रीत वापरावी. त्यामुळे भिंतीवरील मूळ सावल्या कायम राहतात. विटांचे थर मात्र मोजावेत. सांध्यासह एक थर १० सें.मी.चा धरल्यास ३ मीटर भिंतीत ३० थर बसतात. पंधराच दिसले तर इमारत निम्मी वाटेल. नालीदार पुठ्ठ्याच्या कापलेल्या कडेवर छायाचित्रापूर्वीच कागदाची पट्टी चिकटवावी. त्या नाल्या उघड्या राहिल्यास सारा भास ओसरतो.

परिसर : जी झाडे इमारतीच्या पुढे येतात ती कापून सर्वांत वरच्या थरात ठेवावीत. भिंत जमिनीला टेकते तेथे थोडी माती व गवत वर आणावे, नाहीतर इमारत अधांतरी भासते. माणसे घालावयाची असल्यास एक कसोटी उपयोगी पडते. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असल्यामुळे सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या प्रौढ माणसांचे डोळे, ती जवळ असोत वा दूर, क्षितिजाच्या रेषेवरच येतात. एखाद्याचे डोके त्या रेषेच्या बरेच वर गेले, तर तो राक्षस ठरतो व शाळा ठेंगणी दिसते.

या चित्राची मर्यादाही ग्रामस्थांस सांगावी. ते एकाच ठिकाणाहून व एकाच वेळी दिसणारे रूप आहे. वर्गात उजेड किती येईल किंवा पावसाचे पाणी कोठे साचेल हे त्यावरून ठरत नाही. जागेवर नसलेली झाडे शोभेसाठी घालू नयेत. ती पाहून दिलेली संमती भर उन्हातल्या उघड्या इमारतीला दिलेली नसते.