सात नंबरची सायकल: बालमित्रासाठी फ्रेंडशिप डेची पोस्ट

फ्रेंडशिप डेची पोस्ट मित्राला उद्देशून लिहिलेली असते, पण ती वाचतात चारचौघे. पत्र दोघांतच राहते. पोस्ट मात्र आत्या, मावसभाऊ, कार्यालयातले सहकारी आणि जुन्या वर्गातली निम्मी मुले वाचतात. मित्र लहानपणचा असेल आणि आता दुसऱ्या शहरात राहत असेल, तर लिहिणाऱ्यापुढे एक खास अडचण उभी राहते. मित्राला सगळे आधीच ठाऊक असते आणि बाकीच्यांना काहीच ठाऊक नसते. दोघांचेही समाधान करणारा मजकूर लिहिणे हेच या पोस्टचे खरे काम आहे.

भारतात हा दिवस ऑगस्टच्या पहिल्या रविवारी येतो. त्याची कल्पना अमेरिकेतली. हॉलमार्क या शुभेच्छापत्रांच्या कंपनीचे संस्थापक जॉइस हॉल यांनी १९३०मध्ये ती मांडली, पण कार्डे खपवण्याची ही युक्ती आहे असे वाटून लोकांनी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. आपल्याकडे हा दिवस १९९०च्या दशकात रंगीत धाग्यांच्या बँडबरोबर शाळा-कॉलेजांत शिरला आणि १९९८च्या ‘कुछ कुछ होता है’ने तो घरोघरी पोहोचवला. संयुक्त राष्ट्रांनी २०११मध्ये ३० जुलै हा आंतरराष्ट्रीय मैत्री दिन ठरवला, तरी आपला रविवार काही हलला नाही. त्याआधीच्या पिढीच्या मैत्रीला मात्र असा ठरलेला दिवस नव्हता. त्यामुळे आज चाळिशी-पन्नाशीत असलेली माणसे मित्रासाठी पहिल्यांदाच काही लिहायला बसतात, तेव्हा हात थांबतो आणि मग तयार मजकूर पुढे ढकलला जातो.

स्वतः लिहिलेला पहिला मसुदाही बहुधा तयार मजकुरासारखाच उतरतो. एक उदाहरण घेऊ. कऱ्हाडच्या एका गल्लीत वाढलेले दोन मित्र आहेत. एक तिथेच जवळपास राहिला आणि दुसरा नोकरीसाठी बंगळूरला गेला. गावाकडच्या मित्राने आधी असे लिहिले: ‘आपली मैत्री अगदी लहानपणापासूनची. एकत्र अभ्यास केला, सायकली चालवल्या, खूप मस्ती केली. ते सोनेरी दिवस पुन्हा येणार नाहीत. तू कितीही दूर असलास तरी मनाने जवळच आहेस.’

यात खोटे काहीच नाही, पण नाव बदलून हा मजकूर कोणालाही पाठवता येईल. ‘खूप मस्ती केली’ हे वाचून मित्राच्या डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही आणि परक्या वाचकाच्या तर नाहीच नाही. या चार वाक्यांत जिवंत शब्द एकच आहे, तो म्हणजे ‘सायकली’. अशा शब्दापाशी थांबून त्याला साधे प्रश्न विचारायचे असतात. सायकल कोणाची? भाड्याची. भाडे किती? तासाला दोन रुपये. कोणती सायकल? मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात ७ लिहिलेली. कुठे नेली? शाळेच्या उतारावर. मग काय झाले? इथे हसू येऊ लागते आणि पोस्ट सापडते. दहा आठवणी ओझरत्या सांगण्यापेक्षा एकच आठवण आत शिरून सांगावी, हा या लेखनातला सर्वांत उपयोगी नियम. आठवण निवडताना ती मोठी असण्याची गरज नसते. बक्षीस समारंभापेक्षा फजिती बरी, कारण बक्षीस एकाला मिळते आणि फजिती दोघांची होते.

दुसऱ्या वेळी लिहिलेली पोस्ट अशी झाली:

‘बाळ्या, एक रुपया.

पाचवीचा मे महिना. सात नंबरची सायकल, तासाला दोन रुपये. दुकानदार तुझ्या बाबांना ओळखायचा म्हणून तुझ्या नावावर मिळाली. तुझे पाय पॅडलला जेमतेम पुरायचे, तरी सीटवर तू आणि मागे कॅरिअरवर मी. शाळेच्या उतारावर तू ओरडलास, “ब्रेक लागत नाहीये!” मी ओरडलो, “मग घंटी वाजव!” तू वाजवलीस. आपण घंटी वाजवत वाजवत थेट उकिरड्यात गेलो. नळावर हातपाय धुण्यात अर्धा तास गेला, त्याचा जादा रुपया मी भरला. काकूंना आपण सांगितलं की कबड्डी खेळत होतो. काकूंनी दोघांनाही दारातच उभं केलं आणि बादली आणली.

परवा त्या उतारावर गेलो होतो. केवढासा आहे रे तो! आता तिथे गतिरोधक बसवलाय. आपल्याला तीस वर्षं उशीर झाला.

बंगळूरला ब्रेक लागतात ना? रुपया कधी देतोस?’

या मजकुरात ‘खूप हसलो’ किंवा ‘काय मजा यायची’ असे कुठेही म्हटलेले नाही. हसू आणले आहे ते मुलांच्या तर्काने. ब्रेक लागत नसेल तर घंटी वाजवावी, हे त्या वयात पूर्ण पटणारे उत्तर होते आणि लिहिणाऱ्याने ते तसेच ठेवले आहे, त्यावर वर काही भाष्य केलेले नाही. काकूंना खोटेपणा कसा कळला हेही सांगितलेले नाही. बादली आली एवढे पुरते, उकिरड्याचा वास वाचक स्वतः घेतो. विनोदी प्रसंग सांगताना शेवटचे कारण वाचकावर सोडले की तो हसतो आणि समजावून सांगितले की मान डोलावतो.

संबोधनाकडेही बघण्यासारखे आहे. पहिल्या मसुद्यात कोणालाच हाक नव्हती. दुसऱ्यात ‘बाळ्या’ आले आणि सगळा आवाजच बदलला. बालमित्राला ‘प्रिय मित्रा’ म्हणणे म्हणजे त्याला पाहुण्यासारखे ओसरीवर बसवणे. जी हाक गल्लीतून मारली जायची, तीच लिहावी. मैत्रिणींच्या बाबतीत ‘अगं’ने सुरुवात झाली की पुढची वाक्ये आपोआप बोलण्यासारखी येतात. मित्राच्या आईला तेव्हा काकू म्हणत असत, तर पोस्टमध्येही त्या काकूच राहतात.

हुरहूर आणणे हे हसवण्यापेक्षा अवघड. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द योहान्स होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८मध्ये घडवला. घर सोडून परमुलखात राहणाऱ्यांना जडणाऱ्या आजाराचे ते नाव होते, आणि पुढे परदेशी चाकरी करणाऱ्या स्विस सैनिकांशी ते विशेष जोडले गेले. परत जाणे आणि वेदना अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांचा हा जोड आहे. म्हणजे मुळात ही ओढ जागेची आहे. दुसऱ्या शहरात गेलेल्या मित्राला ‘ते दिवस’ म्हटल्याने जे होत नाही, ते त्या उताराचे नाव काढल्याने होते. जागा आज कशी आहे हे त्याला ठाऊक नसते, ती बातमी फक्त गावात राहिलेला मित्रच देऊ शकतो. वरच्या पोस्टमधला गतिरोधक हे काम करतो. तो हसवतो, आणि आपल्यामागे गाव बदलले हेही कळवतो. ‘दिवस सरले’ असे वाक्य त्यानंतर लिहायचे कारणच उरत नाही. ‘केवढासा आहे रे तो’ हेही तसेच. उतार लहान झालेला नाही, मुले मोठी झाली.

अशा पोस्टमध्ये एक गोष्ट हमखास चुकते, ती म्हणजे तपशील. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२च्या आपल्या पुस्तकात दाखवले, की आठवण ही कपाटातून काढलेल्या वस्तूसारखी जशीच्या तशी बाहेर येत नाही. माणूस ती दर वेळी नव्याने रचतो आणि रचताना आपल्या ओळखीच्या गोष्टी तिच्यात मिसळतो. त्यामुळे हँडल कोणाच्या हातात होते याबद्दल दोन मित्रांच्या दोन ठाम साक्षी असू शकतात, आणि दोघेही खोटे बोलत नसतात. लिहिण्यापूर्वी फोन करून खात्री करून घ्यावी असे काहींना वाटते. पैशाचे किंवा कोणाच्या आजारपणाचे काही असेल तर ती जरूर करावी. सायकलीसारख्या प्रसंगात मात्र मतभेद तसाच ठेवलेला बरा, कारण मित्राला उत्तर द्यायला तिथेच जागा मिळते.

काही गोष्टी मात्र पोस्टमध्ये येऊ नयेत. शरीरावरून पडलेले टोपणनाव गल्लीत चालून गेले असेल, पण बंगळूरच्या सहकाऱ्यांपुढे ते उघड करण्याचा हक्क फक्त ज्याला ते चिकटले त्याचा आहे. नापास झालेले वर्ष, घरातले भांडण, कोणाला लिहिलेली चिठ्ठी, हेही तसेच. आठवणीत तिसरा माणूस नावानिशी असेल तर त्याला नाव गाळून ‘दुकानदार’, ‘सर’ एवढेच ठेवता येते आणि गोष्टीचे काही बिघडत नाही. शंका वाटली तर एक सोपी कसोटी आहे: हाच किस्सा मित्राच्या मुलांसमोर, त्याच्याच घरात बसून सांगता येईल का? येत असेल तर तो चारचौघांतही चालतो.

राहिला प्रश्न पोस्ट कुठे टाकायची याचा. व्हॉट्सॲप स्टेटस २४ तासांत जाते, आणि दोघांच्या फोनमध्ये एकमेकांचे नंबर जतन असतील तरच ते दिसते. शहर बदलताना मित्राने नंबर बदललेला असेल तर अख्ख्या गल्लीला पोस्ट दिसते, त्याला सोडून. म्हणून मजकूर त्याला आधी वेगळा पाठवणे चांगले. फेसबुकवर पोस्ट टिकते आणि जुन्या वर्गातले लोक खाली भर घालतात. दोन्हीकडे लांब मजकूर मध्येच तुटतो आणि पुढचा उघडावा लागतो, त्यामुळे पहिल्या ओळीला मोल असते. ‘मैत्री दिनाच्या हार्दिक शुभेच्छा’ वाचून बोट पुढे सरकते. ‘बाळ्या, एक रुपया’ वाचून ते थांबते, कारण कसला रुपया हे कळल्याशिवाय राहवत नाही.

शेवटी मित्राला काहीतरी करायला उरले पाहिजे. शुभेच्छेला तो हात जोडलेले चित्र पाठवतो आणि बोलणे तिथेच संपते, उसन्या रुपयाला मात्र त्याला उत्तर द्यावेच लागते. वरच्या उदाहरणात दुपारपर्यंत बंगळूरहून यूपीआयने एक रुपया आला, आणि सोबतच्या टिपणात लिहिले होते: ‘घंटी सायकलला नव्हतीच. तोंडाने आवाज तू काढत होतास.’