साठ सेंटिमीटरची लाट

२६ डिसेंबर २००४. भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राच्या पश्चिमेला समुद्रतळाखाली ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यानंतर साधारण दोन तासांनी ‘जेसन-१’ हा उपग्रह योगायोगाने बंगालच्या उपसागरावरून गेला. समुद्राच्या पृष्ठभागाची उंची मोजणे हेच त्याचे काम. खोल पाण्यात त्याला त्सुनामी दिसली, ती सुमारे ६० सेंटिमीटर उंचीची. तिथे एखादी बोट असती, तर तिच्यावरच्या माणसांना काही जाणवलेही नसते. आणि सकाळी नऊच्या सुमारास नागपट्टिनमच्या परिसरात हेच पाणी काही ठिकाणी चार-पाच मीटरपर्यंत चढले.

मुळात पाणी उचलले कसे गेले? सुमात्रा आणि अंदमानच्या पश्चिमेला भारतीय भूपट्ट पूर्वेकडच्या भूपट्टाखाली सरकतो आहे. दोघांमधला पृष्ठभाग घर्षणाने अडकून राहतो. त्यामुळे खाली जाणारा भूपट्ट वरच्याची कड शेकडो वर्षे आपल्याबरोबर खाली ओढत असतो, आणि त्या कडेमागचा भाग हळूहळू फुगतो. त्या सकाळी ही अडकण सुटली. सुमारे १३०० किलोमीटर लांबीची भेग दहाएक मिनिटांत उत्तरेकडे धावत गेली. दबलेली कड उसळून काही मीटर वर आली आणि मागचा फुगलेला भाग खचला.

उचललेला पट्टा शंभरएक किलोमीटर रुंद होता. त्यावरच्या पाण्याला बाजूला वाहून जायला अनेक मिनिटे लागतात. पण तळ कोणत्याही एका जागी त्यापेक्षा खूप लवकर वर येतो. पाण्याला निसटायला सवडच मिळत नाही. म्हणून तळाला आलेला उंचवटा समुद्राच्या पृष्ठभागावर जवळजवळ जसाच्या तसा उमटतो, आणि मग गुरुत्वाकर्षणाने तो दोन्हीकडे पसरू लागतो. तीच त्सुनामी.

त्सुनामी होते ती तळ वर-खाली झाल्याने, नुसत्या हादऱ्याने नाही. ११ एप्रिल २०१२ रोजी याच भागात ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. लोक घाबरून किनाऱ्यापासून पळाले, पण मोठी त्सुनामी आली नाही, कारण तिथे खडक एकमेकांना घासून आडवे सरकले होते. पाणी उचलले जायला कारणच नव्हते.

वाऱ्याने उठलेली लाट पाण्याच्या वरच्या थरातच असते. त्सुनामीत मात्र तळापासून पृष्ठभागापर्यंतचे सगळे पाणी हलते, म्हणून तिचा वेग खोलीवरच ठरतो. चार हजार मीटर खोल पाण्यात तो ताशी सुमारे ७०० किलोमीटर असतो. खोली दहा मीटरवर आली की ताशी ३५ किलोमीटर. म्हणजे विसाव्या हिश्शावर. पुढचा भाग मंदावतो, पण मागचा अजून खोल पाण्यात जोरात येत असतो. घाटाच्या चढावर पुढच्या गाड्या मंदावल्या की मागच्या जवळ येऊन भिडतात, तसेच. शेकडो किलोमीटर लांबीची लाट आखडून दहा-पंधरा किलोमीटरवर येते.

आता ऊर्जेचा हिशेब. वाटेतला थोडा ऱ्हास सोडला तर लाटेतली ऊर्जा तेवढीच राहते, आणि ती आता विसाव्या हिश्शाच्या लांबीत कोंबली जाते. मग उंची वीसपट व्हायला हवी असे वाटते, पण तसे होत नाही. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून ऊर्जा वीसपट दाटली, तरी उंची विसाच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे साडेचार पट वाढते. ६० सेंटिमीटरचे झाले २.७ मीटर. हा ढोबळ नियम झाला. तो तळाचा उतार हळूहळू चढत असेल तिथेच बऱ्यापैकी लागू पडतो. तळ एकदम उंचावला, तर लाटेचा काही भाग मागे परततो.

पुढची वाढ किनाराच ठरवतो. निमुळत्या खाडीत पाणी आणखी दाटते, आणि जमिनीवर शिरलेले पाणी वेगाच्या जोरावर उतार चढत जाते. एका लाटेला यायला-जायला वीस-तीस मिनिटेही लागू शकतात, त्यामुळे ती फुटून ओसरत नाही; पाणी कितीतरी वेळ आत येतच राहते.

समुद्र आधी मागे हटतो हे मात्र सगळीकडे खरे नसते. २००४ मध्ये खचलेला भाग पूर्वेला होता, म्हणून थायलंडच्या किनाऱ्यावर आधी पाणी ओसरले आणि उघड्या पडलेल्या तळावर लोक कुतूहलाने उतरले. उचललेला भाग पश्चिमेला होता, म्हणून श्रीलंका आणि तामिळनाडूकडे आधी फुगवटाच निघाला. त्या बाजूला ओहोटीची वाट पाहत थांबलेल्याला इशारा मिळालाच नसता.