बाल्टिमोरचे पंचावन्न टक्के

जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांच्या रक्तचाचण्यांचे निष्कर्ष आले. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडं सापडली होती, इमारतींत १६ टक्के. लगेच टीव्हीवर ‘हर्ड इम्युनिटी आली का?’ ही चर्चा रंगली. कुणी साठ टक्के म्हणे, कुणी सत्तर. हा आकडा येतो कुठून, याचं मला तेव्हापासून वेड लागलं. त्या नादात एका जुन्या निबंधापाशी पोचलो आणि कोरोना बाजूलाच राहिला.

हिशेब तसा साधा. कुणालाच संरक्षण नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना आजार देतो. पंधरा धरा. साथ विझायची तर या पंधरांतले चौदा आधीच सुरक्षित हवेत, म्हणजे सुमारे ९३ टक्के. पहिल्या लाटेतला कोरोना अडीच-तीन जणांना लागायचा, म्हणून साठ ते सदुसष्ट. धनुर्वात माणसाकडून माणसाला जातच नाही. तिथे शेजाऱ्यांनी कितीही लस घेतली तरी तुमचा फायदा शून्य.

हे आज सोपं वाटतं. पण १९६७ साली अमेरिकेचं साथरोग खातं गोवराच्या बाबतीत ५५ टक्क्यांवर भिस्त ठेवून होतं.

तो आकडा ए. डब्ल्यू. हेडरिक यांचा. १९३३ मध्ये त्यांनी बाल्टिमोर शहराचा १९०० ते १९३१ असा महिनावार ताळेबंद छापला. जन्मलेली मुलं मिळवायची, गोवर निघून गेलेली वजा करायची, मृत्यू वजा करायचे. पंधराव्या वर्षापर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला गोवर होतो असं धरून, न नोंदलेल्या रुग्णांची भरपाईही त्यांनी केली. संगणक नव्हता, तरी एकतीस वर्षांतल्या प्रत्येक महिन्याला गोवर न झालेली मुलं किती, हे त्यांनी काढलं. मला हा निबंध आजही देखणा वाटतो. त्यातून वाचकांनी उचललं ते इतकंच: पंधराखालच्या मुलांपैकी ५५ टक्क्यांहून अधिक सुरक्षित असली की साथ उठत नाही.

१९६३ मध्ये लस आली. सेन्सर, डल आणि लँगम्यूर या खात्याच्या धुरीणांनी १९६७ च्या लेखात याच आकड्याचा आधार घेऊन म्हटलं की गोवर त्याच वर्षी देशातून घालवता येईल. लँगम्यूर तर उत्साही गृहस्थ. गोवर का घालवायचा, याचं उत्तर त्यांनी आधीच देऊन ठेवलं होतं: हिलरीने एव्हरेस्टबद्दल दिलं तेच, ‘कारण तो तिथे आहे’. (ते उत्तर खरं तर मॅलरीचं!)

आता हा आकडा उलगडून पाहू. समजा हजार वस्तीच्या गावात पंधराखालची मुलं तीनशे. त्यांतली ५५ टक्के, म्हणजे १६५ सुरक्षित, उरली १३५. लसीआधीच्या काळातल्या सातशे मोठ्यांना लहानपणीच गोवर होऊन गेलेला, म्हणून सगळे सुरक्षित. मग अख्ख्या गावात सुरक्षित ८६५, म्हणजे साडेशहाऐंशी टक्के. हेडरिकचा आकडा मुलांपुरता होता. तो अख्ख्या समाजाचा म्हणून वाचला की काम बरंच सोपं भासतं.

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. हेडरिकच्या बाल्टिमोरमध्ये गोवर झालेली मुलं बहुतेक शाळेत जाणारी होती. न झालेली बरीचशी घरातली तान्ही आणि रांगती. म्हणजे जिथे आजार सर्वांत वेगाने पसरतो, त्या वर्गखोल्या आधीच सुरक्षित होत्या. तुम्ही कुठल्याही ५५ टक्के मुलांना लस टोचलीत, तर टक्के तेवढेच भरतात. वर्गात मात्र न टोचलेली मुलं शेजारी शेजारी बसतात.

वर्षाला चार-पाच लाख नोंदले जाणारे रुग्ण १९६८ पर्यंत सुमारे बावीस हजारांवर आले, हे यश मोठंच. पण १९७१ मध्ये ते पुन्हा पंचाहत्तर हजारांवर गेले. पैसा रुबेलाच्या लसीकडे वळला, असं कारण देतात. ते खरं आहे, पण गणितच कच्चं होतं हे त्यात झाकलं जातं. अमेरिकेत दुसरा डोस सर्वांना सुचवला गेला तो १९८९ मध्ये, आणि देशातला सततचा प्रसार थांबल्याची घोषणा झाली २००० साली.

दुसरा डोस का, हेही त्याच गणितात आहे. आपल्याकडे नवव्या महिन्यात दिलेला पहिला डोस साधारण ८५ टक्के मुलांतच लागू पडतो. आईकडून आलेली प्रतिपिंडं काहींच्या अंगात अजून शिल्लक असतात आणि लस निष्प्रभ करतात. सगळ्या मुलांना एकच डोस दिला तरी ९३ गाठता येत नाहीत. म्हणून सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवराची साथ आली तेव्हा मात्र नऊ महिन्यांची वाट पाहणंही परवडणारं नव्हतं. जिथे इतकी लहान मुलं आजारी पडत होती, तिथे सहा महिन्यांपासूनच्या बाळांना जादा डोस द्यायचं ठरलं. तो हिशेबात धरायचा नव्हता. नेहमीचे दोन्ही डोस त्यानंतर घ्यायचेच होते.