अर्जानंतरची विचारणा

संकेतस्थळावरून नोकरीचा अर्ज केला, की पोच तत्काळ मिळते. उत्तर मात्र आठवडेच्या आठवडे येत नाही. मग उतावळेपणा न दिसता विचारावे कसे?

समजा, हिंगणघाटच्या एका पदवीधराने नागपूरच्या एका खासगी कंपनीत लेखापालाच्या जागेसाठी १ जूनला अर्ज केला व मुदत १५ जूनची होती. तो दिवस मोजतो १ तारखेपासून; परंतु छाननी बहुधा मुदत संपल्यावरच सुरू होते. तेव्हा पंधरवडा मोजावा तो १५ तारखेपासून. तत्पूर्वी संकेतस्थळावरील आपली नोंद पाहावी. लिंक्डइनवर 'Application viewed' दिसल्यास अर्ज कोणी उघडला, एवढेच समजावे, निवड नव्हे.

३० जूनला त्याने इतकेच लिहावे: “लेखापालपदासाठी १ जून रोजी केलेला माझा अर्ज (क्रमांक अमुक) कोणत्या टप्प्यावर आहे व पुढील सूचना साधारण केव्हा मिळेल, हे सवडीने कळविल्यास आभारी होईन.”

क्रमांकामुळे अर्ज चटकन सापडतो. आणि ‘निवड झाली का?’ असे न विचारल्याने अधिकाऱ्यास निर्णयापूर्वीही उत्तर देता येते. ‘अद्याप उत्तर नाही’ या शब्दांत तक्रार डोकावते, ते टाळावे. आणखी पंधरवड्याने एक स्मरणपत्र पुरे. त्यानंतर मौन हेच उत्तर मानून अन्यत्र अर्ज करावा.

सरकारी भरतीत मात्र असे पत्र बहुधा व्यर्थ होय. शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ संकेतस्थळावर याद्या गुणानुक्रमे लागतात. तेथे सूचनाच नित्य वाचाव्यात, असे आम्ही सुचवितो.