‘योग्य कारवाई’ म्हणजे नेमके काय?

‘वेळेवर हजर राहावे. अनावश्यक साहित्य आणू नये. अन्यथा योग्य कारवाई होईल.’ सहामाही परीक्षेच्या अशा परिपत्रकातून मुलाला हवे ते एकही उत्तर मिळत नाही. अकराच्या पेपरला ‘वेळेवर’ म्हणजे किती वाजता? त्याऐवजी लिहावे: ‘१०.४० ला वर्गात बसा. ११.१५ नंतर प्रवेश नाही. उशिरा आल्यास जादा वेळ मिळणार नाही.’

साहित्याबाबत मनाईची यादी कधीच पुरी होत नाही, म्हणून परवानगीचीच यादी द्यावी: ‘निळे किंवा काळे पेन, पेन्सिल, खोडरबर, पट्टी, कंपासपेटी, कोरे पॅड, पारदर्शक बाटली. बाकी सारे दप्तरात, दप्तर वर्गाबाहेर.’ मग स्मार्ट घड्याळाचा वादच उरत नाही.

शिक्षेचे वाक्य सर्वांत जपून लिहावे लागते. बाहेरच्या दप्तरात मोबाइल वाजणे आणि खिशात सापडणे यांना एकच शिक्षा अन्यायाची ठरेल. पहिल्यासाठी मोबाइल जप्त करून पालकांकडे देणे पुरे. दुसऱ्यासाठी पर्यवेक्षकाने नोंद करावी, मुलाचे म्हणणे ऐकून मुख्याध्यापकांनी निर्णय द्यावा. निर्णय कोणाचा, हेही परिपत्रकात हवे.

छापण्यापूर्वी मसुदा सातवीतल्या मुलाला द्यावा आणि विचारावे, ‘पॅडवर पाढे छापलेत, चालेल?’ तो अडखळला, तर ते वाक्य पुन्हा लिहावे.