हा बाण कोणाचा?

अकरावीचे क्लास सुरू होऊन महिना झाला नाही तोच मुलांच्या हातात प्रश्नांच्या जाड शीट पडतात. जेईईला दीड वर्षाहून जास्त अवकाश असतो, पण शेजारच्या मुलाची गणितं आपल्या मुलापेक्षा पुढे गेली की घरच्यांचा जीव वरखाली होतो. माझं स्पष्ट मत आहे, की भौतिकशास्त्रात दिवाळीपर्यंत शीट बाजूला ठेवाव्यात आणि तो वेळ बलांच्या आकृतीला, म्हणजे फ्री बॉडी डायग्रॅमला द्यावा.

एक गणित घेऊ. जमिनीवर 10 किलोची पेटी आहे. तिला 50 न्यूटन बलाने दोरीने ओढलं आहे आणि दोरी जमिनीशी 37 अंशाचा कोन करून वर जाते. घर्षणांक 0.5. पेटी हलेल का?

घाईत शिकलेला मुलगा N = mg लिहितो. g दहा धरलं की 100 न्यूटन, म्हणून घर्षण जास्तीत जास्त 50. दोरीची आडवी ओढ 40 न्यूटन. उत्तर : पेटी हलणार नाही. हे साफ चुकलं. दोरी पेटीला 30 न्यूटनने वरही उचलते आहे, त्यामुळे जमिनीवरचा दाब 70 न्यूटनच उरतो आणि घर्षणाची मर्यादा 35 वर येते. पेटी हलते, त्वरण 0.5 मीटर प्रति सेकंद वर्ग.

आता त्याच पेटीला त्याच कोनात वरून खाली ढकला. दाब 130, घर्षणाची मर्यादा 65. पेटी जागची हलत नाही. इथे घर्षण किती, असं विचारलं की बरीच मुलं 65 म्हणतात. ते 40 आहे, कारण घर्षण गरजेपुरतंच लागतं.

या मुलांचं सूत्र पाठ असतं, पण आकृती काढलेली नसते. आणखी पन्नास गणितं सोडवून N = mg ही सवय पक्कीच होते.

दुखणं ओळखणं सोपं आहे. आकडे न देता आकृती काढायला सांगावी आणि प्रत्येक बाणावर बोट ठेवून विचारावं, हे बल कोण लावतंय? पृथ्वी, जमीन, दोरी अशी नावं आली तर ठीक. वर फेकलेल्या चेंडूवर वरच्या दिशेने बाण काढून ‘हे फेकल्याचं बल’ असं उत्तर आलं, तर तिथेच थांबावं. हातातून सुटल्यावर चेंडूला वर ढकलणारं कोणी नसतं.

याचा अर्थ गणितं सोडवूच नयेत असा नाही. रोज पाच-सहा पुरेत, मात्र आकृतीसकट, पूर्ण पायऱ्यांनी. एकावर एक ठेवलेल्या दोन ठोकळ्यांच्या वेगळ्या आकृत्या मुलाने काढल्या आणि त्यांच्यामधलं घर्षण एकावर उजवीकडे, तर दुसऱ्यावर डावीकडे न सांगता दाखवलं, की शीट खुशाल उघडाव्यात.